एसआयपीची सरासरी : हिशेब कुठे पक्का, कुठे कच्चा

जानेवारी 2020 मध्ये ज्यांनी आयुष्यातली पहिली एसआयपी सुरू केली, त्यांची वेळ इतकी वाईट होती की अभ्यासासाठी त्याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही. महिनाअखेरीला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी 11,962 वर होता. मार्च संपताना तो 8,598 वर आला. तीन हप्ते गेले होते आणि एकूण हिशेब तोट्यात होता. त्या काळात एक वाक्य कानावर सारखं पडायचं : “काळजी नको, सरासरी होतेय ना!” हे वाक्य अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते आकडे मांडूनच कळतं.

आधी एसआयपी नेमकं काय करते ते पाहू. “मी एसआयपीत पैसे टाकलेत” असं आपण सर्रास म्हणतो, पण पैसे असतात म्युच्युअल फंडाच्या योजनेत. एसआयपी ही फक्त ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम बँकेतून कापून घ्यायची कायमची सूचना आहे. पाच हजार रुपये कापले गेले की त्यातून 0.005 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पंचवीस पैसे वजा होतात. पैसे फंडाकडे प्रत्यक्ष पोहोचले, त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे योजनेच्या एका युनिटच्या भावाने, उरलेल्या 4,999.75 रुपयांना भागलं जातं आणि येईल तितकी युनिट तुमच्या फोलिओत जमा होतात. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो आणि बँक वर दंड लावते. यंत्रणा एवढीच. बाजार महाग आहे की स्वस्त, हे ती बघत नाही, आणि तिचा गुणही तोच आहे.

आता सरासरी. भाजीवाल्याकडून दर आठवड्याला शंभर रुपयांचेच टोमॅटो घ्यायचे असं ठरवलंत समजा. एका आठवड्यात भाव 20 रुपये किलो, पाच किलो आले. पुढच्या आठवड्यात 50 रुपये, दोनच किलो आले. भावांची सरासरी 35 रुपये. पण तुम्ही दोनशे रुपयांत सात किलो घेतले, म्हणजे किलोला साडेअठ्ठावीस रुपयांच्या आसपास पडले. यात हुशारी कसली नाही. रक्कम ठरलेली असली की स्वस्ताईत माल आपोआप जास्त येतो, म्हणून स्वस्त भावाचं वजन हिशेबात जास्त पडतं. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात, आणि भाव थोडे जरी हलले तरी तो साध्या सरासरीपेक्षा खालीच राहतो. यात “बहुधा” नाही, “दीर्घकाळात” नाही. एसआयपीच्या साऱ्या जाहिरातींत शंभर टक्के हमी देता येईल अशी गोष्ट बहुतेक ही एकच.

ती हमी 2020 मध्ये कशी पाळली गेली ते बघू. सोयीसाठी निफ्टीच्या मागोमाग चालणारा एक काल्पनिक इंडेक्स फंड घेऊ, ज्याची एनएव्ही म्हणजे निफ्टी भागिले शंभर. खर्च, लाभांश आणि ते पंचवीस पैसे सोडून देऊ. दर महिनाअखेरीला पाच हजार. जानेवारीत भाव 119.62, फेब्रुवारीत 112.02, मार्चमध्ये 85.98. तीन महिन्यांत 15,000 रुपयांत साधारण 144.6 युनिट आली. भावांची सरासरी 105.87 रुपये, तुम्हाला पडलेला भाव 103.74 रुपये. म्हणजे शब्द पाळला गेला, दोन रुपयांहून जास्त स्वस्त मिळालं. पण त्या दिवशी विकायला गेलात तर भाव 85.98 होता. पंधरा हजारांचे साधारण 12,430 झाले होते.

गोंधळ नेमका इथे होतो. सरासरी खरेदीभाव हा तुमच्या कालच्या भावांवरून ठरतो, आणि नफा-तोटा आजच्या भावावरून. पहिल्या गोष्टीची हमी आहे, म्हणून दुसरीचीही असेल असं मनात नकळत जोडलं जातं. टोमॅटो आपण घरी खातो, त्यामुळे स्वस्त पडले की विषय संपला. युनिट एक दिवस विकावी लागतात.

पुढे चालू. एप्रिलअखेर 98.60, मेमध्ये 95.80, जूनमध्ये 103.02. सहा हप्त्यांत 30,000 रुपये गेले आणि 296 युनिट जमली. भावांची सरासरी 102.51, तुम्हाला पडलेला भाव 101.34. जूनअखेरीला किंमत सुमारे 30,500. बाजार जानेवारीपेक्षा चौदा टक्के खालीच होता, तरी तुम्ही काठावर का होईना, नफ्यात होता. जानेवारीतच एकरकमी 30,000 टाकणाऱ्याकडे त्या दिवशी 25,800 च्या घरात उरले होते. एसआयपीची महती सांगणारे इथे थांबतात, आणि इथपर्यंतचं त्यांचं बरोबरच असतं.

पण त्याच आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. एका पिढीने पाहिलेल्या सर्वांत जोरदार हेलकाव्यांपैकी एका काळात सरासरीच्या गणिताने मिळवून दिलं किती? 102.51 आणि 101.34 यांतला फरक, म्हणजे युनिटमागे एक रुपया सतरा पैसे. टक्का-सव्वा टक्का. शांत वर्षात हा फरक आणखी कमी होतो, कारण तो हेलकाव्यांच्या आकारावरच अवलंबून असतो. मग एकरकमीवाल्यापेक्षा पावणेपाच हजार जास्त कुठून आले? बहुतांश यातून, की तुमचे बरेचसे पैसे घसरण होताना बाजाराबाहेर होते. पुढे बाजार वर आला, हे दोघांनाही लाभलं. एकाला नफ्यात आणायला ते पुरलं, दुसऱ्याला तोपर्यंत पुरलं नव्हतं.

उलट बाजूने हेच करून बघा. तीस हजार हातात असलेल्या दोघांनी 31 मार्च 2020 ला सुरुवात केली. एकाने सगळे एकदम टाकले, दुसऱ्याने पाच-पाच हजारांचे सहा हप्ते केले. ऑगस्टअखेरीला निफ्टी 11,388 वर गेला तेव्हा एकरकमीवाल्याकडे 39,700 च्या वर होते आणि हप्तेवाल्याकडे 34,000. सरासरी दुसऱ्याचीच झाली होती, मागे तोच राहिला. वाढत्या बाजारात बाहेर थांबलेला पैसा वाढत नाही. म्हणून घर विकून किंवा निवृत्तीच्या वेळी मोठी रक्कम हातात आली असेल, तर तिचे हप्ते पाडणं हा जास्त परताव्याचा मार्ग नव्हे. चुकीच्या दिवशी सगळं टाकलं गेलं तर होणारा पस्तावा टाळण्याची ती किंमत आहे, आणि कुणाला ती मोजावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. पगारातून दरमहा वाचणाऱ्या पैशाला मात्र हा प्रश्नच लागू होत नाही. पुढच्या वर्षीचा पगार आज एकरकमी गुंतवायची सोय कुणाकडेच नसते.

यापुढची मर्यादा फारशी कुणी सांगत नाही. सरासरीचा जोर सुरुवातीला असतो आणि वर्षागणिक ओसरत जातो. तिसऱ्या महिन्याला तुमच्याकडे दोन हप्ते जमलेले असतात, त्यामुळे नवा हप्ता खरेदीभाव चांगलाच हलवतो. आता दहा-बारा वर्षं झाली आहेत, 100 रुपये भावाने 10,000 युनिट आहेत आणि शिल्लक दहा लाख आहे असं धरा. बाजार तीस टक्के पडला. भाव 70, शिल्लक सात लाख. या महिन्याच्या पाच हजारांत आली 71 युनिट. दहा हजारांची दहा हजार एकाहत्तर झाली. घसरणीचा “फायदा घेणारा” हप्ता हा एवढा, आणि घसरण सोसणारी शिल्लक ती तेवढी. या टप्प्यावर तुमची एसआयपी चालू आहे की बंद, याने त्या तीन लाखांच्या खड्ड्यात फारसा फरक पडत नाही. जोखमीच्या बाबतीत तुम्ही आता जवळजवळ एकरकमी गुंतवणूकदारच आहात. मुलीच्या शिक्षणासाठी पंधरा वर्षं हप्ते भरले आणि शेवटच्या वर्षी बाजार कोसळला, तर वाचवायला सरासरी येत नाही. पैसे लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून ते थोडे थोडे करून कर्जरोखे फंडात किंवा मुदत ठेवीत हलवावे लागतात. हे काम एसआयपीची सूचना आपणहून करत नाही.

“पण दीर्घकाळात बाजार वर जातोच” हे उत्तर लगेच येतं. भारतात आजवर तसं झालंही आहे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 अखेरीला 38,916 वर बंद झाला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी 2024 मध्ये. यात एसआयपीवाल्याला चौतीस वर्षं लागली नसती, कारण मधल्या वर्षांत त्याने पुष्कळ स्वस्तात घेतलं असतं. पण 10 मार्च 2009 ला निक्केई 7,055 वर बंद झाला, 1982 नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर. 1990 पासून एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचा त्या दिवशी प्रत्येक हप्ता चढ्या भावाचा होता. लाभांश सोडला तर एकोणीस वर्षांतला एकूण एक हप्ता तोट्यात. शिस्तीत काहीच कमी नव्हतं. एका संपूर्ण देशाच्या निर्देशांकाचं हे झालं. एखाद्या सुमार योजनेत किंवा एकाच कंपनीच्या शेअरमध्ये तर पडत्या भावाची सरासरी करत राहणं म्हणजे बुडत्यात भर घालणं ठरू शकतं.

एक गंमत कॅल्क्युलेटरची. मोबाइलवर “दरमहा 5,000, 20 वर्षं, 12 टक्के” असं भरलं की एक सुबक चढती रेघ येते. त्या रेघेत बाजार दर महिन्याला न चुकता सारखाच वाढतो. हेलकावे नाहीतच, मग हेलकाव्यांची सरासरी कसली? तिथे प्रत्येक हप्ता मागच्यापेक्षा महागच पडत असतो. तो आकडा सगळा त्या 12 टक्क्यांतून येतो, आणि 12 तुम्ही किंवा जाहिरातदाराने टाइप केलेले असतात.

निवृत्तीनंतर बरेच जण हीच यंत्रणा उलटी फिरवतात. एसडब्ल्यूपी लावून दरमहा ठरलेली रक्कम फंडातून काढतात. इथे रक्कम ठरलेली असल्याने भाव पडला की जास्त युनिट विकली जातात आणि चढला की कमी. वरच्याच सहा महिन्यांत, त्याच भावांना, दरमहा पाच हजार काढणाऱ्याचीही 296 युनिट विकली गेली असती आणि त्याला सरासरी मिळाले असते युनिटमागे 101.34 रुपये, जेव्हा भावांची सरासरी 102.51 होती. खरेदी करणाऱ्याच्या पदरात पडलेले ते एक रुपया सतरा पैसे इथे विकणाऱ्याच्या खिशातून गेले.