ओल्या केसांचा रंग फसवा का असतो?

डाय धुतल्यावर आरशात गडद तपकिरी दिसणारी बट तासाभराने वाळते आणि एकदम फिकी वाटू लागते. खरं तर रंग उडालेला नसतो, केसाच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश बदललेला असतो.

केसाचं बाहेरचं आवरण घरावरच्या कौलांसारखं असतं, एकावर एक चढलेल्या सूक्ष्म खवल्यांचं. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो, ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. केसाचा तो सुमारे 1.55, हवेचा 1. या फरकामुळे समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण पाच टक्के भाग आत न शिरताच परततो. त्याला डायचा रंग नसतो, तो दिव्याचाच रंग घेऊन येतो. खवल्यांच्या कडांवरून तो इकडेतिकडे पसरतो आणि डायवर एक पातळ पांढुरका पडदा चढतो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणजे केसाच्या बराच जवळ. त्यामुळे पाणी आणि केस यांच्या सीमेवरून एक टक्काही प्रकाश परतत नाही. पाण्याचा बाहेरचा थर चकाकतो, पण ती चकाकी गुळगुळीत, एकाच दिशेची. पडदा हटतो, जास्त प्रकाश आत जाऊन डायमध्ये शोषला जातो आणि केस गडद दिसतात. शिवाय ओले केस चिकटून जाड बटा होतात, तेही फसवण्यात हातभार लावतं.

याचा फटका मुळाशी आलेले पांढरे केस रंगवताना बसतो. ओल्या बटेकडे बघून ‘झालं’ म्हणत डाय लवकर धुतला, तर वाळल्यावर मुळं फिकी निघतात. म्हणून वेळ संपत आली की एका बटेवरचा डाय ओल्या कापसाने पुसावा, बट धुऊन ड्रायरने पूर्ण वाळवावी आणि मगच पांढऱ्या कागदावर ठेवून बघावी. भांड्यातल्या मिश्रणाचा रंग तर मुळीच धरू नये. ते हवेने काळवंडतं.

बट बघायची कुठे, हा दुसरा प्रश्न. 2700 केल्विनच्या पिवळ्या बल्बमध्ये निळा प्रकाश फार कमी असतो, त्यामुळे राखाडी छटेतला निळेपणा मरतो आणि तपकिरी रंग उबदार भासतो. दिवसाचा प्रकाश, म्हणजे 6500 केल्विनच्या आसपासचा, सगळं उघड करतो. मूळ केसांचं नैसर्गिक रंगद्रव्य, मेलॅनिन, निळा प्रकाश जास्त आणि लाल कमी शोषतं, पण निळ्याकडून लालकडे जाताना हे शोषण हळूहळू, एकसारखं कमी होत जातं. डायचे रेणू मात्र प्रकाशातल्या रंगांच्या ठरावीक पट्ट्यांमध्येच जास्त शोषतात. म्हणून घरातल्या दिव्यात बेमालूम जुळलेली मुळं बाहेर गेल्यावर लालसर किंवा हिरवट वेगळी पडू शकतात. डायचाच दोष, असं लगेच समजू नये. काही स्वस्त एलईडींमध्ये गडद लाल प्रकाश कमी असतो, त्यांच्याखाली लाल छटा मलूल दिसते.

कडक उन्हाचंही वेगळंच. तो प्रकाश इतका प्रखर असतो की घरात काळी दिसणारी बट आरपार झळाळून तांबूस होते, म्हणून निकाल उन्हात लावू नये. वाळलेली बट खिडकीशी, थेट ऊन न येणाऱ्या जागी धरावी, नंतर रोजच्या दिव्याखाली. दोन्हीकडे मुळं आणि लांबी यांच्यात सीमारेषा दिसली नाही, तर धुवायला हरकत नाही.