पंच मंडळातून रजा की राजीनामा?

"कामाच्या व्यापामुळे वेळेअभावी यापुढे पंच म्हणून येणे जमणार नाही." जिल्हा कबड्डी संघटनेला असं पत्र गेलं, की सरकार्यवाहांचा हमखास फोन येतो: नाव कमी करू, की यंदापुरतं बाजूला ठेवू? पत्रातून ते कळतच नाही. लिहिणाऱ्याच्या मनातही बहुतेक वेळा दोन्ही असतं.

रजेवर असताना नाव यादीत राहतं. नेमणुका करणारा माणूस तुम्हाला धरूनच हिशेब मांडतो, म्हणून रजेच्या पत्रात दोन तारखा हव्यातच. राजीनाम्यात नेमणुकीच्या यादीतून नाव जातं. पंच परीक्षा उत्तीर्ण झालात ती मात्र पुसली जात नाही, ती वेगळी गोष्ट. परत यायचं झालं तर उजळणी वर्ग करावा लागेल का, हे आपल्या संघटनेत आधी विचारून घ्यावं.

आमच्यातला एकजण हडपसरचा, नोकरी हिंजवडीत. साडेसहाला सुटला तरी मगरपट्ट्यापर्यंत येताना आठ वाजायचे, तोवर पहिला सामना संपत आलेला असायचा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. रात्रीचे चार सामने धरले तर घरी पोचायला बारा. त्याने सप्टेंबरात वरच्यासारखंच मोघम पत्र दिलं आणि ऑक्टोबरमधल्या स्पर्धेचा होकार मात्र तसाच राहू दिला. खरी चूक तिथे झाली, कारण पत्र पुढच्या कामाबद्दल असतं, आधी दिलेला शब्द त्याने आपोआप सुटत नाही.

त्या मैदानावर सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक, असे सहाजण लागत होते. आले पाच. एकच सहाय्यक दोन्ही संघांचे बाद गडी लिहू लागला. बाद ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने गडी जिवंत होतात, म्हणून ही वही महत्त्वाची. एका संघाचे 7 आणि 4 क्रमांकाचे गडी लागोपाठ गेले, तेव्हा हा दुसऱ्या बाजूची नोंद करत होता. पुढे एक गडी जिवंत झाला, तर 4 नंबरचा उठून आत! समोरच्यांनी हरकत घेतली आणि सरपंचांना खेळ थांबवावा लागला. (वही दोघांनी लिहिली असती तर हे दहा सेकंदांत मिटलं असतं.)

मग त्याने पत्र पुन्हा लिहिलं. "1 नोव्हेंबर ते 31 मार्च मी उपलब्ध नाही, नाव यादीत ठेवावे. या काळातील कोणतीही नेमणूक मी स्वीकारलेली नाही." एप्रिलमध्येही नोकरीची वेळ बदलली नाही, तेव्हा दुसरं पत्र गेलं. त्यात "1 मेपासून पंच मंडळातून माझे नाव कमी करावे" एवढंच होतं, आणि सोबत ओळखपत्र जोडलेलं. या वेळी सरकार्यवाहांचा फोन आला नाही.