यादीतली पाचवी ओळ

दीड पौंड हॅम्बर्गरचा खिमा. ब्रेडचे दोन लोफ. गाजरांची एक जुडी. बेकिंग पावडरचा डबा. इन्स्टंट कॉफी. पीचचे दोन डबे. पाच पौंड बटाटे.

ही वाणसामानाची यादी वाचून ती करणारी बाई कशी असेल, हे कोणी विचारलं तर आपण हसून म्हणू, यावरून काय कळणार? पण मेसन हेअर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बायकांना नेमकं हेच विचारलं, आणि त्यांनी उत्तरं दिली, तीही भरभरून. त्याचा हा प्रयोग 1950 साली छापून आला. ग्राहक वर्तनाच्या पेपरात संस्कृती, संदर्भ गट, आकलन आणि अध्ययन ही चार वेगवेगळी प्रकरणं असतात आणि विद्यार्थी ती चार वेगळ्या कप्प्यांत पाठ करतात. हेअरच्या यादीत मात्र ती चारही एकमेकांत अडकलेली दिसतात, म्हणून मला हा एकच प्रयोग नीट उलगडून सांगणं जास्त उपयोगाचं वाटतं.

प्रश्न साधा होता. नेसकॅफेची इन्स्टंट कॉफी अनेक बायका घेत नव्हत्या. ती वापरता का, आणि नसाल तर तिच्यात काय आवडत नाही, असं थेट विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच यायचं : चव आवडत नाही. असं उत्तर हाती आलं की कंपनी चव सुधारायला धावते. हेअरला ते उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटलं. ‘चव आवडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला पुढे कोणी काही विचारत नाही, आणि स्वतःबद्दल काही कबूलही करावं लागत नाही.

मग त्याने दोन याद्या केल्या. पहिली वर दिलेली. दुसरीत बाकी सहा ओळी तशाच ठेवल्या, फक्त पाचव्या ओळीत इन्स्टंटऐवजी मॅक्सवेल हाउसची गाळून करायची दळलेली कॉफी लिहिली. एका गटातल्या 50 बायकांना पहिली यादी दिली, दुसऱ्या 50 जणींना दुसरी. दुसरी यादीही आहे, हे कोणत्याच गटाला माहीत नव्हतं. यादी वाचा, ही खरेदी करणारी बाई डोळ्यांसमोर आणा आणि ती कशी आहे ते लिहा, एवढंच सांगितलं. कॉफीचं नावही काढलं नाही. अशा चाचणीला प्रक्षेपण तंत्र म्हणतात. माणूस दुसऱ्याबद्दल बोलतोय असं समजून स्वतःच्या मनातलं बोलून जातो.

इन्स्टंटवाल्या यादीवरून 48 टक्के बायकांनी त्या बाईला आळशी ठरवलं. दळलेल्या कॉफीच्या यादीवरून असं म्हणणाऱ्या फक्त 4 टक्के. ‘हिला घरची खरेदी नीट आखता येत नाही’ हा शेरा पहिल्या यादीला 48 टक्क्यांनी मारला, दुसरीला 12 टक्क्यांनी. आणि ‘ही काही चांगली बायको नव्हे’ असं इन्स्टंटवालीबद्दल 16 टक्के म्हणाल्या, दुसरीबद्दल एकही नाही. सहा ओळी सारख्या असताना एका ओळीने माणूसच बदलला. चवीबद्दल तर विचारलंच नव्हतं.

आता आकलनाकडे बघू. पुस्तकात आकलनाची व्याख्या ‘उद्दीपकांची निवड, रचना आणि अर्थनिर्णय’ अशी असते, आणि ती पाठ करूनही काही समजत नाही. यादीवर ती लावली की समजते. इथे उद्दीपक म्हणजे यादीतल्या ओळी. सात ओळींपैकी बटाट्यावर सहसा नजर अडत नाही, कारण बटाटे सगळेच घेतात. नजर अडली ती वेगळ्या दिसणाऱ्या एका ओळीवर. ही निवड. मग उरलेल्या ओळी त्या एका ओळीभोवती जमल्या आणि ब्रेड, खिमा, कॉफी मिळून ‘जेमतेम उरकणारी बाई’ असं एक चित्र झालं. ही रचना. शेवटचा शेरा हा अर्थनिर्णय.

यात एक गोष्ट मला फार मजेची वाटते. पीचचे दोन डबे दोन्ही याद्यांत होते. डब्यातलं फळही आयतंच की. ना सोलायचं, ना चिरायचं, ना पाकात शिजवायचं. तरी दळलेली कॉफी घेणाऱ्या बाईला त्या डब्यांवरून जवळपास कोणी आळशी म्हटलं नाही. म्हणजे आयतेपणा हा वस्तूतच भरलेला गुण नव्हता. डबाबंद फळ त्या समाजाच्या अंगवळणी पडलं होतं, त्यामुळे ते दिसेनासं झालं होतं. इन्स्टंट कॉफी अजून डोळ्यांत खुपत होती.

खुपत होती म्हणजे कुठे? इथे संस्कृती येते. नेसकॅफे 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात इन्स्टंट कॉफी अमेरिकन सैनिकांच्या शिध्यातही गेली. सैनिकाने ती गरम पाण्यात ढवळून प्यायली तर त्याला कोणी नावं ठेवत नव्हतं. तीच पूड घरातल्या ओट्यावर आली की नियम बदलला. त्या काळच्या अमेरिकन घरात स्वयंपाकाचे कष्ट हेच बाईच्या मायेचं माप होतं. कष्ट वाचवणारी वस्तू वेळ वाचवते हे सगळ्यांना कळत होतं. पण वाचलेला वेळ म्हणजे चुकवलेलं कर्तव्य, असा त्याचा हिशेब लागायचा. सांस्कृतिक मूल्य म्हणजे हा हिशेब. तो कोणी उघड मांडत नाही, म्हणून थेट प्रश्नाला तो सापडत नाही आणि चव मात्र सापडते.

ही नापसंती कॉफीपुरतीच आहे की आयत्या पदार्थांविरुद्धच आहे, हेही हेअरने तपासलं. त्याने यादीत आणखी एक वस्तू जोडली : ‘पाय’ या भाजून करायच्या गोड पदार्थाचं तयार मिश्रण. ते यादीत आलं तेव्हा दळलेली कॉफी घेणारी बाईसुद्धा टीकेतून सुटली नाही. इथे अध्ययनाचं प्रकरण उघडायचं. एका उद्दीपकाशी शिकलेला प्रतिसाद त्याच्यासारख्या दुसऱ्या उद्दीपकालाही दिला जातो, याला उद्दीपक सामान्यीकरण म्हणतात. परीक्षेत त्याचं उदाहरण म्हणून बहुधा एका ब्रँडची ख्याती त्याच नावाच्या नव्या उत्पादनाला मिळते, असं लिहिलं जातं. ते बरोबरच आहे, पण गोड बाजूचं आहे. बदनामीचंही सामान्यीकरण होतं, आणि ते ब्रँडच्या सीमा पाळत नाही. पायचं मिश्रण कोणाचं, कॉफी कोणाची, याला महत्त्व नव्हतं. ‘आयतं म्हणजे आळस’ ही जोडी शिकलेली होती आणि ती पुढच्या पाकिटावर आपोआप चिकटली.

राहिला संदर्भ गट. ही संज्ञा हर्बर्ट हायमन यांनी 1942 मध्ये वापरली. माणूस स्वतःची पत ठरवताना कोणाशी तुलना करतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे पार्क आणि लेसिग यांनी 1977 मध्ये संदर्भ गटाचा प्रभाव तीन प्रकारे मांडला : गटाकडून माहिती मिळते, गटाची शाबासकी किंवा रोष मिळतो, आणि गटाशी नातं दाखवून आपण कोण आहोत हे सांगता येतं. हेअरच्या बायकांच्या बाबतीत पहिला प्रकार जवळजवळ बाजूलाच राहतो. कॉफी कशी करायची हे कोणाला विचारायची गरज नव्हती. जोर होता तो उरलेल्या दोनांचा. आणि त्यातही प्रभाव ज्याच्यासारखं व्हावं अशा गटाचा नसून ज्यात आपण दिसू नये अशा गटाचा आहे. ‘इन्स्टंट वापरणाऱ्या बायका’ असा काही गट एकत्र जमत नव्हता, त्यांची सभा भरत नव्हती. पण वाचणाऱ्यांच्या मनात तो तयार होता आणि त्याच्यापासून अंतर राखायचं होतं. संदर्भ गट म्हटलं की विद्यार्थी मित्रमंडळी, कुटुंब, सिनेनट अशी यादी देतात. टाळायचा गट त्या यादीत क्वचितच असतो.

हा दबाव सगळ्या वस्तूंवर सारखा पडत नाही. बेअरडेन आणि एट्झेल यांनी 1982 मध्ये दाखवलं की वस्तू चारचौघांत वापरली जाते की घरात, आणि ती गरजेची आहे की चैनीची, यावर गटाचा प्रभाव बदलतो. घरातल्या गरजेच्या वस्तूवर तो सगळ्यात कमी. या कसोटीला कॉफी चकवते. बरणी कपाटात असते, म्हणजे खासगी. पण कप पाहुण्यासमोर जातो. शिवाय हेअरच्या प्रयोगात पाहुणा कुठेच नव्हता, फक्त कल्पनेतली बाई होती, आणि तरी शेरे तिखट आले. वस्तू खरोखर कोणाला दिसते यापेक्षा ती दिसली तर काय, हा विचार पुरतो, असं मी यावरून समजतो.

‘चव आवडत नाही’ या उत्तराचं काय? ते खोटंच होतं, असं म्हणता येणार नाही. इन्स्टंट आणि दळलेल्या कॉफीच्या चवीत फरक होता. पण माणसाची जीभही लेबल वाचते. ॲलिसन आणि उल यांनी 1964 मध्ये नेहमी बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या. पिणाऱ्यांना त्यांत आपला नेहमीचा ब्रँड ओळखून वरचढ ठरवता आला नाही. लेबलं लावल्यावर मात्र आपापल्या ब्रँडला त्यांनी चांगले गुण दिले. तेव्हा इन्स्टंट कॉफी बेचव आहे, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या बाईच्या तोंडात त्या शेऱ्यांचीही चव असू शकते.

प्रयोगातल्या त्रुटीही सांगायला हव्यात. यादीची चाचणी त्या वस्तूच्या ग्राहकाची प्रतिमा मोजते, विक्री मोजत नाही. हेअरने काही घरांत कपाटात इन्स्टंट कॉफी आहे का हेही पाहिलं, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांनी त्या बाईबद्दल बरं लिहिलं होतं. पण यातून आधी मत की आधी खरेदी, हे ठरत नाही. विकत घेतल्यावर आपल्या निवडीचं समर्थन करायला माणूस मत बदलतो, असंही घडतं. दुसरी त्रुटी खुद्द यादीत आहे. तिच्यात बेकिंग पावडर आहे, म्हणजे ही बाई घरी भाजते. त्या ओळीखाली इन्स्टंट कॉफी येते तेव्हा विसंगती जास्त उठून दिसते. शेजारच्या वस्तू बदलल्या की पाचव्या ओळीचा अर्थही बदलू शकतो, आणि हा आक्षेप नंतरच्या संशोधकांनी घेतलाच.

वेबस्टर आणि फॉन पेचमन यांनी त्याच दोन याद्या जवळपास 20 वर्षांनी पुन्हा वापरल्या. त्यांचा लेख 1970 सालचा. इन्स्टंट आणि दळलेली कॉफी घेणाऱ्या बाईंमधला जुना फरक आता सापडेना. शिकलेली जोडी पुन्हा पुन्हा वापरूनही तिचा परिणाम मिळेनासा झाला की ती विझते, याला विलोपन म्हणतात. (विलोपन म्हणजे विसरणं नव्हे. हा गोंधळ उत्तरपत्रिकांत नेहमी दिसतो.) इन्स्टंट कॉफी हजारो घरांत प्यायली गेली, घरं काही मोडली नाहीत, आणि तिला शेरे मारणारी नजर हळूहळू थंड झाली. पीचच्या डब्याचं जे आधीच झालं होतं तेच तिचं झालं.

मात्र हे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतं. इतक्या वर्षांत कॉफीसोबत इतर कितीतरी तयार पदार्थ घरात आले होते. कदाचित बायकांच्या नजरेतला हिशेब तोच राहिला असेल आणि फक्त पाचवी ओळ जुनी झाली असेल. शोधायचं असेल तर कोणत्या वस्तूवर नजर अडते हे आधी पाहून, ती त्या ओळीत लिहून चाचणी घ्यावी लागेल. जुनी यादी तशीच वापरली तर फक्त कॉफीचं उत्तर मिळतं.