शिबिराचं नाव कसं ठरवावं: नाव मुलांसाठी, खालची ओळ पालकांसाठी

पुण्यातल्या मुलांना चार-पाच दिवस गावी नेऊन धार काढायला, अंगण सारवायला, चुलीवर भाकरी थापायला शिकवणारी शिबिरं आता बरीच निघाली आहेत. ती भरवणारे आमच्याकडे नाव ठरवायला येतात तेव्हा मागणी बहुधा एकच असते. ऐकताच मुलांनी उड्या मारल्या पाहिजेत आणि आईबाबांची काळजीही मिटली पाहिजे. आमचं पहिलं सांगणं असं की ही दोन्ही ओझी एका शब्दावर लादू नका. नाव मुलाच्या तोंडात बसू द्या. काळजीचं उत्तर नावाखालच्या ओळीत द्या.

तसं न केल्यास ‘सुरक्षित’, ‘निर्धास्त’, ‘संस्कार’ असे शब्द नावात शिरतात. मुलाला त्यात शाळेचा वास येतो, आणि ‘सुरक्षित’ वाचून आईच्या मनात जी भीती नव्हती तीही जागी होते. शिवाय तो शब्द काहीच सांगत नाही. तिला हवं असतं ते हे की रात्री खोलीत कोण झोपणार, संडास कुठे आहे, ताप आला तर काय. कुठल्याच नावाला याचं उत्तर देता येणार नाही.

एक उदाहरण घेऊ

समजा, पानशेतच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाच्या घरी शिबिर आहे. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच्या तुकड्या, ४ रात्री, ८ ते १३ वर्षांची २४ मुलं. गोठा, चूल, विटीदांडू, करवंदं आणि रात्री अंगणात झोपणं. सुचलेल्या नावांतून सहा टिकली: आजोळ, काजवा, चिखलवाडी, रानभूल, काऊचं घर आणि हुंदडवाडी.

काजवा गोड आहे, पण काजवे दिसतात ते मेच्या शेवटी, वळवाच्या सरी पडू लागल्या की. मेच्या मध्यापर्यंत आपली शेवटची तुकडी घरी पोचलेली असेल. चार रात्री अंधारात डोळे फाडून बसलेलं मूल घरी जाऊन एकच सांगेल, “काजवे नव्हतेच.” चिखलवाडीचंही तेच. मे महिन्यात चिखल कुठला, रान तापून भेगाळलेलं असतं; भातखाचरात चिखल होतो तो पाऊस लागल्यावर. शिवाय चिखलवाडी नावाची वस्ती खडकी-बोपोडीकडे आहेच. नकाशावर नाव टाकणारे बाबा तिकडेच जाऊन पोचतील. म्हणून नाव पाहण्याआधी आम्ही तुमच्या तारखा विचारतो.

रानभूल मोठ्यांना काव्यमय वाटतं. पण रानभूल पडणं म्हणजे रानात वाट चुकणं, आणि मूल चार रात्री दूर पाठवणारी आई नेमका तोच अर्थ धरते. काऊचं घर पाच वर्षांच्या मुलाला आवडेल. बारा वर्षांची मुलगी मैत्रिणींना “मी काऊच्या घरी चालले” असं काही सांगणार नाही. नाव नेहमी सर्वांत मोठ्या मुलाच्या वयाला पटणारं निवडावं. लहानांना मोठ्यांचं चालतं, उलटं होत नाही.

राहिलं आजोळ. हे आमचंही लाडकं, आणि सोडताना जीवावर येतं. पण त्यात जी विहीर आणि आमराई दिसते ती आपल्या पिढीला दिसते. आजच्या पुण्यातल्या पुष्कळ मुलांचं आजोळ कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आहे. शिवाय रोमन लिपीत ळ टिकत नाही: कुणी aajol लिहितं, कुणी ajol, आणि वाचणारा ‘आजोल’ म्हणतो.

म्हणून हुंदडवाडी. “घरात हुंदडू नकोस” हे वाक्य फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला पाठ असतं, आणि इथे तीच गोष्ट करायला बोलावलंय. ‘वाडी’ मोठ्यांसाठी काम करते: दहा-पंधरा घरं, एकमेकांना ओळखणारी माणसं, ओट्यावर कुणीतरी बसलेलंच. नावाची एक कच्ची बाजूही आहे. नुसतं वाचलं तर मुलांवर कुणाचं लक्ष नाही असं वाटू शकतं. म्हणून ते एकटं कुठेच छापायचं नाही. खाली ओळ हवीच:

हुंदडवाडी
पानशेतजवळ शेतकऱ्याच्या घरी ४ रात्री · वय ८ ते १३ · दर ६ मुलांमागे १ ताई किंवा दादा, रात्रीसुद्धा

या ओळीत एकही विशेषण नाही. ठिकाण, मुक्काम, वय आणि लक्ष ठेवणारी माणसं, एवढंच. २४ मुलांना ४ ताई-दादा खरोखर असतील तरच ती छापायची. तीनच मिळणार असतील तर ‘८ मुलांमागे १’ लिहा. आकडा कमी आकर्षक दिसला तरी चालेल, खोटा नको.

नाव तपासायचं कसं

“आवडलं का?” असं विचारू नका, ओळखीची माणसं हो म्हणतात. पाच-सहा मुलांना एकेकटं गाठून नाव एकदाच सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय सांगितलं होतं? आठवलं नाही, किंवा सांगताना मूल लाजलं, तर नाव बाद. पालकांना नाव दाखवून फक्त “डोळ्यांसमोर काय आलं?” एवढंच विचारा. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका, पहिल्या उत्तरामागे बाकीचे जातात.

आणखी एका घरी नाव वाचून दाखवायचं: ज्यांच्या गोठ्यात ही मुलं जाणार त्यांच्या. ‘गावठी’, ‘अडाणी’ असले शब्द शहरात गंमत म्हणून खपतात, पण ते त्या घरच्या आजीच्या तोंडावर म्हणता येतील का? जी धार काढायला शिकवणार तिला हिणवणाऱ्या नावाचं काम आम्ही घेत नाही. ‘गावरान’ हिणवत नाही, पण त्यावर कोंबडी आणि तूप इतकं विकलं गेलंय की पाटी खानावळीची वाटते.

नोंदणीबद्दल थोडं

शिबिरं ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात येतात, म्हणजे शिक्षण आणि मनोरंजन. ipindia.gov.in वर आधी शब्दाने आणि मग उच्चाराने शोधा, कारण सारखं ऐकू येणारं नावही आड येतं. व्यक्ती किंवा लहान उद्योग असल्यास ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. ‘गावाकडचं शिबिर’ यासारखं नुसतं वर्णन करणारं नाव फक्त स्वतःचं म्हणून मिळणं अवघड असतं. हुंदडवाडी रोमनमध्ये hundadwadi आणि hundadvadi असं दोन्ही लिहिलं जाईल, तेव्हा वेबसाइटचे पत्ते दोन्ही घ्या. फलकावर देवनागरी मोठी ठेवा. नावात ‘उन्हाळी’ घालू नका, दिवाळीच्या सुट्टीत ते अडचणीचं होतं.

पहिल्या भेटीला येताना तुकड्यांच्या तारखा, दिवसाचं वेळापत्रक, मुलं झोपतात त्या जागेचा एक फोटो आणि सोबत राहणाऱ्या ताई-दादांची यादी आणा. सुचलेली नावं पाकिटात बंद करून आणलीत तरी चालेल. ती आपण शेवटी उघडू.