काळा डाग आतला की बाहेरचा? दाताच्या मुळाच्या रिसॉर्प्शनची पार्श्वभूमी

दुधाच्या दाताचे मूळ शरीर स्वतःच विरघळवते आणि दात हलू लागतो. असे विरघळणे म्हणजेच रिसॉर्प्शन. हे काम करणाऱ्या पेशींना अनेक केंद्रके असतात. हाड झिजवणाऱ्या पेशींच्या त्या जवळच्या नातेवाईक. कायमच्या दाताला मात्र याच पेशींपासून संरक्षण असते. मुळाच्या बाहेरच्या अंगाला सिमेंटमचा थर असतो. आत नसेच्या बाजूला प्रीडेंटिन असते, म्हणजे अजून कॅल्शियम न भरलेला कोवळा पापुद्रा. या पेशी कॅल्शियम भरलेल्या पृष्ठभागावरच नीट चिकटतात, त्यामुळे कोवळा थर शाबूत असेपर्यंत दात सुरक्षित राहतो. आतला थर फाटला तर अंतर्गत रिसॉर्प्शन होते, बाहेरचा फाटला तर बाह्य. व्याख्या सोपी आहे, पण एक्स-रेवर दोन्हींचा काळा डाग सारखाच दिसतो. हे दोन डाग वेगळे ओळखायला दंतवैद्यकाला बराच काळ लागला.

अंतर्गत रिसॉर्प्शनचे वर्णन इंग्लंडमधल्या थॉमस बेलने १८३० च्या सुमारास केले. तेव्हा एक्स-रे नव्हते, काढलेला दात फोडून जे दिसे त्यावरच निदान ठरे. पुढे १९२० मध्ये हॉवर्ड ममरीने दातावरच्या गुलाबी ठिपक्यांवर लिहिले. आतले डेंटिन, म्हणजे दाताचा इनॅमलखालचा कठीण भाग, खाल्ले गेल्यावर तिथे रक्ताने भरलेली मऊ पेशीजालाची गाठ वाढते, आणि पातळ उरलेल्या इनॅमलमधून तिचा रंग झळकतो. ‘ममरीचा गुलाबी दात’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. त्यासोबत एक समजही पसरला: गुलाबी ठिपका म्हणजे अंतर्गत रिसॉर्प्शन, म्हणून लगेच रूट कॅनाल. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली सर्वात महागडी चूक हीच. हिरडीच्या रेषेजवळ बाहेरून पोखरत आलेली पोकळीही तितकीच गुलाबी दिसते, आणि तिच्यात दाताची नस पुष्कळदा निरोगी असते. अशा दाताचे रूट कॅनाल केले की निरोगी नस जाते आणि रोग होता तिथेच राहतो.

क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत ओटो वॉकहॉफने दातांची क्ष-किरण प्रतिमा घेतली. पण साधी फिल्म सपाट असते. दाताच्या ओठाकडची, मधली आणि टाळूकडची पोकळी तिच्यावर एकाच जागी येऊन बसते. यातून मार्ग काढायला १९१० मध्ये क्लार्कने सांगितलेली युक्ती उपयोगी पडली. ती होती हिरडीत अडकलेला दात कोणत्या बाजूला आहे हे शोधण्यासाठी. एक फिल्म सरळ घ्यायची, दुसरी फिल्म क्ष-किरणांची ट्यूब बाजूला सरकवून. ट्यूब ज्या दिशेला गेली त्याच दिशेला फिल्मवर सरकलेली वस्तू आतल्या, म्हणजे जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूची. उलट दिशेला सरकलेली ओठाच्या किंवा गालाच्या बाजूची.

रिसॉर्प्शनसाठी या युक्तीचा नेमका वापर १९७६ मध्ये गार्टनर आणि सहकाऱ्यांच्या लेखाने नीट मांडला. त्यांच्या खुणा आजही आयओपीए, म्हणजे तोंडात फिल्म ठेवून घेतलेला एक-दोन दातांचा एक्स-रे, किंवा आरव्हीजी, म्हणजे त्याचेच डिजिटल रूप, बघताना कामी येतात. अंतर्गत रिसॉर्प्शनमध्ये कॅनालच, म्हणजे मुळातली नसेची वाटच, फुगलेला दिसतो. त्याच्या दोन रेषा वरून येतात, डागापाशी बाहेर वळून गोलसर होतात आणि खाली पुन्हा जवळ येतात. डागाची कड गुळगुळीत असते, काळेपणा सगळीकडे सारखा असतो, आणि ट्यूब कशीही सरकवली तरी डाग कॅनालला सोडत नाही. बाह्य रिसॉर्प्शनची कड वाळवी लागलेल्या लाकडासारखी खडबडीत असते, कुठे गडद, कुठे फिकी. डागाच्या आतूनही कॅनालच्या दोन्ही रेषा सरळ जाताना दिसतात, आणि ट्यूब सरकवली की डाग कॅनालपासून बाजूला होतो.

या सगळ्यात मला कॅनालच्या रेषेची खूण सर्वात मोलाची वाटते, कारण तिच्यामागे जीवशास्त्र आहे. बाहेरून पोखरत आलेल्या पेशी नसेजवळच्या प्रीडेंटिनपाशी थबकतात आणि कॅनालभोवती वळसा घालून पसरतात. कॅनालला लागून डेंटिनचे एक पातळ कवच उरते आणि तेच फिल्मवर रेषा म्हणून दिसते. सुरुवातीला सांगितलेले संरक्षणच इथे डोळ्यांना दिसते. अंतर्गत रिसॉर्प्शनमध्ये हे कवच आधीच गेलेले असते, म्हणून डागातून सरळ जाणारी रेषा उरत नाही.

एक नमुन्याची केस घेऊ. समजा पंचविशीतली एक तरुणी डाव्या बाजूच्या वरच्या मधल्या दाताच्या मानेवर गुलाबी छटा दिसते म्हणून आली. शाळेत असताना तिने दातांना तारा लावल्या होत्या. दुखत काहीच नाही, नस जिवंत आहे का हे थंड लावून पाहणारी थंडाची चाचणी शेजारच्या दातासारखीच येते. सरळ घेतलेल्या आयओपीएमध्ये मानेपाशी कॅनालवरच काळा डाग आहे. इथे थांबले तर ‘अंतर्गत’ म्हणण्याचा मोह होतो. पण नीट पाहिले की डागातून कॅनालच्या दोन बारीक पांढऱ्या रेषा जाताना दिसतात. ट्यूब मधल्या रेषेकडे सरकवून दुसरी फिल्म घेतली, तर डागही कॅनालच्या तुलनेत मधल्या रेषेकडे सरकतो. दिशा एकच, म्हणजे पोकळी टाळूच्या बाजूला. हे बाह्य, मानेजवळचे रिसॉर्प्शन आहे. हिरडीच्या खोबणीत प्रोब हलकेच फिरवला की धारदार, टणक कडा लागते आणि हिरडीतून पटकन रक्त येते. किडीची पोकळी मऊ लागते, ही टणक.

थंडाच्या चाचणीवर मात्र फार विसंबू नये. अंतर्गत रिसॉर्प्शन वाढत राहायला डागाच्या खालची, मुळाच्या टोकाकडची नस जिवंत असावी लागते, कारण पोखरणाऱ्या पेशींना रक्त तिथूनच मिळते. वरचा भाग बहुधा मेलेला आणि जंतूंनी भरलेला असतो. त्यामुळे चाचणी ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही येऊ शकते.

उपचाराची दिशा याच प्रश्नावर ठरते: या पेशींना रसद कुठून मिळते? अंतर्गत प्रकारात ती नसेतून येते, म्हणून नस काढली की रोग थांबतो. निदान पक्के झाल्यावर इथे वाट बघत बसणे चुकीचे, कारण पोकळी वाढून मुळाची भिंत फुटली तर काम फार अवघड होते. कॅनाल उघडल्यावर भरपूर रक्त येते आणि नस पूर्ण निघाली की ते थांबते. थांबत नसेल तर दोन शंका घ्याव्यात: भिंतीला आरपार भोक पडले आहे, किंवा मूळ निदानच चुकले आहे. फुगलेल्या भागाच्या कोपऱ्यांत कॅनाल घासणारी फाइल पोचत नाही. तिथे सोडियम हायपोक्लोराइटने ऊतक विरघळवावे लागते आणि ते द्रावण अल्ट्रासोनिकने हलवावे लागते. मग आठवडा-दोन आठवडे कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. दंतवैद्यकात ते जर्मनीच्या हर्मनने १९२० मध्येच आणले होते. शेवटी गरम करून मऊ केलेला गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात, कारण त्याच्या थंड काड्या त्या पोकळीत मोकळ्या जागा सोडतात. गरम गटापर्चाची पद्धत शिल्डरने १९६७ मध्ये मांडली. भिंत फुटलेली असेल तर तिथे एमटीएसारखे कॅल्शियम सिलिकेट सिमेंट लावतात. एमटीए १९९३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांच्या कामातून पुढे आले.

बाह्य रिसॉर्प्शनचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतला एक उपचाराच्या बाबतीत गोंधळात टाकतो. डेन्मार्कमध्ये अँड्रिआसेन आणि ह्यॉर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये अपघातात निखळून पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या बहुतेक दातांत रिसॉर्प्शन दिसले नाही, तर दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या बहुतेकांत ते दिसले. अशा दाताची नस मरते आणि कॅनालमध्ये जंतू वाढतात. बाहेरचा सिमेंटमचा थर अपघाताने आधीच खरवडला गेलेला असतो, म्हणून जंतूंचे विष डेंटिनच्या सूक्ष्म नळ्यांमधून बाहेर येऊन दाह पेटता ठेवते. पोखरण बाहेर दिसते, पण कारण आत असते. त्यामुळे उपचार रूट कॅनाल आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड हाच. मूळ पूर्ण वाढलेला दात निखळून बसवला असेल तर आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे रूट कॅनाल दोन आठवड्यांच्या आतच सुरू करायचे असते. दुसऱ्या एका प्रकारात मुळाला हाडाशी बांधणारा, मुळाभोवतीचा लिगामेंट मरतो आणि मूळ हाडाला चिकटून हळूहळू हाडातच बदलते. एक्स-रेवर मुळाभोवतीची काळी रेघ नाहीशी होते, टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो. तो थांबवणारा उपचार आजही नाही.

मानेजवळच्या प्रकाराला शिस्त लावली ती ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या जेफ्री हाइदरसे यांनी. त्यांनी १९९९ मध्ये चार वर्ग मांडले: मानेपाशी उथळ पोकळी हा पहिला, नसेजवळ पोचलेली दुसरा, मुळाच्या वरच्या तृतीयांशात उतरलेली तिसरा, त्याच्याही खाली गेलेली चौथा. दातांच्या तारा, मार आणि आतून केलेले ब्लीचिंग ही कारणे त्यांच्या रुग्णांत वारंवार आढळली. उपचारात ते ९० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरत. ते पोकळीतले ऊतक आणि डेंटिनमध्ये शिरलेल्या बारीक वाटांमधले अवशेषही गोठवते. आधी आजूबाजूच्या हिरडीला ग्लिसरॉल लावतात, नाहीतर ती भाजते. मग पोकळी खरवडून ग्लास आयोनोमरने भरतात. पहिल्या दोन वर्गांतले सगळे दात त्यांच्या पाहणीत यशस्वी ठरले, तिसऱ्यातले सुमारे ७८ टक्के, चौथ्यातले फक्त १२.५ टक्के. चौथ्या वर्गातला दात दुखत नसेल तर त्याला हात न लावता लक्ष ठेवणे हा पर्याय या आकड्यांमुळेच पुढे आला.

आपल्या नमुन्याच्या केसमध्ये पोकळी दुसऱ्या वर्गातली निघाली, तर टाळूकडून हिरडी उघडून ती साफ करून भरायची आणि नस जिवंत ठेवायची. पण ती दुसऱ्याच वर्गातली आहे हे दोन फिल्मवरून कसे कळणार? फिल्मने बाजू सांगितली, खोली नाही. इथे सीबीसीटी, म्हणजे दाताचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, लागतो. इटलीतल्या वेरोनामधून १९९८ मध्ये त्याच्या पहिल्या दंतयंत्राची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे २००९ मध्ये लंडनच्या शॅनन पटेल आणि सहकाऱ्यांनी थोड्याच दातांवर तुलना केली, तेव्हा सीबीसीटीने दोन्ही प्रकार अचूक वेगळे ओळखले आणि साध्या एक्स-रेने काही ठिकाणी चूक केली. पटेल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गवारीत पोकळीची खाली उतरलेली उंची, कॅनालभोवतीचा वळसा आणि नसेपासूनचे अंतर अशा तीन गोष्टी मोजल्या जातात. वळसा ही साध्या फिल्मला कधीच न दिसणारी गोष्ट. त्या तरुणीच्या दातात पोकळी टाळूकडून निघून कॅनालच्या अर्ध्या घेराभोवती गेलेली असेल, तर फक्त टाळूची हिरडी उघडून ती पूर्ण साफ होणार नाही. मागे राहिलेल्या ऊतकातून ती पुन्हा वाढते, म्हणून दात भरल्यावर सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी त्याच कोनातून आयओपीए काढून कडा बदलली का ते पाहावे लागते.