आगीनंतरचा गृहविमा दावा : नुकसानीची यादी नेमकी कुठे अडते

आगीच्या दाव्यांत दावा-अर्ज भरणे हा भाग अवघड नसतो. विमापत्राची प्रत, ओळखपत्र, घराच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा कागद आणि बँक खात्याचा तपशील एवढे जोडले की अर्ज पुरा होतो. अडते ते नुकसानीच्या यादीपाशी. ‘स्वयंपाकघरातील सर्व सामान, एकूण इतके’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे गोल आकडा लिहून पाठवलेली यादी नुकसानीची पाहणी करून ते मोजणारा सर्वेक्षक हमखास परत करतो आणि अर्जदाराला वाटते की आपल्या शब्दावर विश्वासच ठेवला जात नाही. खरे कारण वेगळे असते. सर्वेक्षकाला प्रत्येक वस्तूचे मूल्य आणि घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किमतीतील घट, स्वतंत्रपणे लावावा लागतो आणि एकत्रित आकड्याला ते लावता येत नाहीत.

त्याआधी मुदतीविषयी एक खुलासा. विमा कंपनीला आगीची सूचना देणे आणि दाव्याची कागदपत्रे सादर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात आणि दोन्ही विमापत्राच्या अटींत लिहिलेल्या असतात. सूचना लगेच, शक्यतो त्याच दिवशी, लेखी द्यावी आणि दावा क्रमांक मागून घ्यावा. पुष्कळ जण अग्निशमन दलाचा अहवाल हाती आल्यावर सगळे एकदमच देऊ म्हणून थांबतात. तो अहवाल मिळायला किती वेळ लागेल हे अर्जदाराच्या हातात नसते, मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही. अहवालासाठी केलेल्या अर्जाची पोच आणि पोलिसांकडे नोंद झाली असल्यास तिचा क्रमांक जोडून बाकीचे कागद वेळेत द्यावेत आणि अहवाल मागाहून येईल असे पत्रात स्पष्ट लिहावे.

दुसरी मोठी चूक पहिल्या दोन दिवसांत होते. काळवंडलेले घर डोळ्यांसमोर नको म्हणून नातेवाईक मदतीला येऊन सगळा राडारोडा उचलून टाकतात. हेतू चांगलाच असतो, पण पुरावाही त्याच्याबरोबर जातो. सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत जळालेली वस्तू, मग ती कितीही निरुपयोगी दिसो, जागेवरून हलवू नये. नुकसान वाढू न देणे ही मात्र विमाधारकाचीच जबाबदारी असते. त्यामुळे फुटलेल्या खिडकीवर ताडपत्री लावणे किंवा साचलेले पाणी काढणे थांबवू नये, फक्त आधी छायाचित्रे घ्यावीत आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. कुजणारे पदार्थ फेकावेच लागतात. त्यांचेही आधी छायाचित्र घ्यावे आणि फेकण्यास कंपनीची लेखी संमती मागावी. काजळी बसलेली विजेची उपकरणे ‘चालतात का पाहू’ म्हणून सुरू करू नयेत, कारण काजळी ओलसर झाली की धातूला आणि जोडण्यांना खाते, आणि मग बिघाड आगीने झाला की सुरू केल्याने झाला, हा वाद उभा राहतो.

छायाचित्रे घेण्याचा एक क्रम ठरवून घ्यावा. खोलीच्या दारात उभे राहून आधी संपूर्ण खोली, मग चारही कोपऱ्यांतून समोरची भिंत, त्यानंतर छत आणि जमीन, आणि शेवटी एकेक वस्तू जवळून. नुसते जवळून काढलेले जळक्या लाकडाचे चित्र कोणत्या घरातले, कोणत्या खोलीतले, हे सांगत नाही. मूळ फाइली जशाच्या तशा जपून ठेवाव्यात, कारण संदेशातून पाठवलेल्या प्रतींत तारीख-वेळेची माहिती बहुधा निघून जाते.

आता यादी. समजा, आग फ्रिजमागच्या जोडणीतून लागली, स्वयंपाकघर जळाले आणि शेजारच्या शयनगृहात केवळ धूर आणि विझवतानाचे पाणी शिरले. दारापासून सुरुवात करून भिंतीमागून भिंत, वरून खाली, असे मनाने फिरावे आणि प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळ द्यावी. त्या ओळीत वस्तूचे वर्णन, नग, खरेदीचे वर्ष, तेव्हाची किंमत, तशीच नवी वस्तू आज घेतल्यास पडणारी किंमत, नुकसानीचा प्रकार आणि छायाचित्राचा क्रमांक असावा. शयनगृहाची ओळ लोक गाळतात, कारण ‘तिथे आग नव्हती’. धुराने वास धरलेले कपडे आणि भिजलेली गादी हेही आगीतून उद्भवलेलेच नुकसान म्हणून सहसा धरले जाते. त्यांच्यापुढे ‘धूर’ किंवा ‘पाणी’ असे स्पष्ट लिहावे.

फ्रिजचे बिल घरातच होते आणि घराबरोबर जळाले, अशी स्थिती बहुतेकांची असते. बिल नाही म्हणून ती ओळच गाळणाऱ्या अर्जदारांचे मला नेहमी वाईट वाटते. कॉम्प्रेसरवरची धातूची पट्टी आगीत पुष्कळदा वाचण्यासारखी राहते, तिचे जवळून छायाचित्र घ्यावे. विक्रेत्याकडे बिलाची दुसरी प्रत मागावी, कार्डाच्या किंवा बँकेच्या विवरणात ती रक्कम शोधावी, ऑनलाइन खरेदीचा इतिहास आणि वॉरंटी नोंदणीचा ई-मेल पाहावा. काहीच मिळाले नाही तर जुन्या घरगुती छायाचित्रांची पार्श्वभूमी तपासावी. मुलाच्या वाढदिवसाच्या छायाचित्रात मागे उभा असलेला फ्रिज हा वस्तू घरात होती याचा चांगला पुरावा असतो, आणि तशी छायाचित्रे नातेवाइकांच्या फोनमध्ये हमखास सापडतात. खरेदीचे वर्ष नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहावे. अंदाज ठामपणे लिहिला आणि तो एका ओळीत खोटा ठरला, तर उरलेल्या यादीकडेही संशयाने पाहिले जाते.

मंजूर रक्कम पाहून होणारा धक्का मात्र यादीने टळत नाही, त्याची कारणे विमापत्रात असतात. विमा बाजारमूल्याचा असेल तर घसारा वजा होतो. कपाटाचे आयुष्य १० वर्षे धरले आणि ते ४ वर्षे वापरलेले असेल, तर सरळ हिशेबाने आजच्या नव्या किमतीच्या ६० टक्केच धरले जातात. विमा नव्याने बदलून देण्याचा असेल तर ही वजावट नसते, पण अनेकदा वस्तू प्रत्यक्ष विकत घेतल्याची पावती दिल्यावरच फरकाची रक्कम मिळते. शिवाय विमापत्रात सरासरीची अट, म्हणजे विमा जितका कमी तितक्याच प्रमाणात भरपाईही कमी अशी अट, असेल आणि सामानाचे खरे मूल्य १० भाग असताना विमा फक्त ६ भागांचा घेतलेला असेल, तर ३ भागांच्या नुकसानीवर ३ न मिळता १.८ भागच मिळतात. रोख रक्कम आणि दागिने यांच्यासाठी बहुधा वेगळी मर्यादा असते किंवा ते वगळलेले असतात, म्हणून ते यादीत घालण्यापूर्वी ते कलम वाचावे.

यादी एका बैठकीत पुरी होत नाही. माळ्यावरची पेटी किंवा हंगामी कपडे यांची आठवण काही आठवड्यांनी होते, म्हणून पहिल्या यादीच्या शेवटी ‘पूरक यादी सादर करण्याचा हक्क राखून’ असे लिहून ठेवावे. रक्कम देण्यापूर्वी कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर सही मागते. तिच्यावर सही झाल्यानंतर आठवलेल्या वस्तूसाठी दाद मिळवणे फार कठीण जाते, म्हणून पूरक यादी त्या सहीपूर्वी देऊन तिची पोच घ्यावी.