ग्रेड आणि पगाराचे बँड जाहीर करताना
(आमच्या पगारपत्रक सेवेच्या ग्राहकांसाठी)

"कामगारांना ग्रेड आणि बँड सांगितले, तर कोणाला किती मिळतं ते फुटणार नाही का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कारखानदार विचारतो. बँड नीट बांधला असेल तर फुटत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्त्यांत तो मुळातच चुकीचा बांधलेला असतो.

चूक एकच: त्या ग्रेडमधला आजचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगार उचलून त्यालाच बँड म्हणायचं. समजा, स्टोअरमध्ये तिघे आहेत आणि त्यांचा ग्रॉस 23,400, 27,000 आणि 31,750 आहे. तुम्ही फलकावर "ग्रेड ३ : 23,400 ते 31,750" लिहिलंत, की सर्वांत जुन्या माणसाचा आणि नव्या पोराचा पगार चहाच्या सुट्टीत सगळ्यांना कळला. उरलेल्याचा अंदाज लावायला कितीसा वेळ लागतो!

म्हणून बँड माणसांवरून नाही, कामावरून ठरवायचा. त्या कामाचा तुमच्या भागातला चालू दर 28,000 धरला, तर 20 टक्के खाली आणि 20 टक्के वर, म्हणजे 22,400 ते 33,600. आता दोन्ही टोकांना कोणीच बसलेलं नाही, आणि पगारवाढीला जागाही राहिली. खालचं टोक किमान वेतनाच्या खाली जात नाही ना, एवढं तपासायचं.

सरासरी तर कधीच छापू नका. ग्रेडमध्ये दोघेच असतील आणि सरासरी 40,000 असेल, तर 38,000 घेणारा दुसऱ्याचे 42,000 लगेच काढतो. एकच माणूस असलेली ग्रेड शेजारच्या ग्रेडमध्ये मिळवावी.

फलकावर फक्त ग्रेड, कामाचं स्वरूप आणि बँड. माणसाचा आकडा त्याच्या पत्रात, बंद पाकिटात:

"आपली ग्रेड ३ आहे. या ग्रेडचा मासिक ग्रॉस पगार, पीएफ व इतर कपातीपूर्वी आणि ओव्हरटाइम वगळून, 22,400 ते 33,600 रुपये आहे. आपला पगार 27,000 रुपये, म्हणजे बँडच्या मध्याच्या किंचित खाली आहे. ग्रेड ४ साठी साठा-नोंदणी स्वतंत्रपणे सांभाळता येणे आवश्यक आहे. सहकाऱ्यांचे पगार कार्यालय सांगणार नाही. आपल्या पगाराबद्दल मात्र जरूर विचारा."

"ग्रॉस" हा शब्द गाळला, तर लोक बँडची तुलना हातात पडणाऱ्या रकमेशी करतात आणि ऑफिसबाहेर रांग लागते.

पत्राआधी आम्ही प्रत्येकाच्या कामाचं वर्णन मागतो, त्यावर "उगाच वेळ काढता" असं ऐकावं लागतं. पण वर्णनाशिवाय ग्रेड ठरवली, तर "मी तीनमध्ये का?" याला तुमच्याकडे उत्तर नसतं. आमच्याकडून ग्रेड बसवून घेतल्यास पत्रांचे मसुदे त्याच शुल्कात मिळतात.

कोणी बँडच्या खाली निघाला, तर फलक लावण्याआधीच त्याला वर आणा. वर निघाला, तर पगार कापू नका. त्याच्याशी एकट्याने बोला. आणि फाइल पाठवताना नावांऐवजी कर्मचारी क्रमांक टाका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको.